सेल्फीवरून कार्टून अवतार: चेहरा ओळखू येईल असा कसा काढायचा

सेल्फीवरून काढलेले बहुतेक अवतार दिसायला गोड असतात, पण दहाजणांचे शेजारी शेजारी ठेवले तर कोणता कोणाचा हे सांगता येत नाही. मोठे डोळे, इवलंसं नाक, गुळगुळीत गाल हे सगळं कार्टूनच्या शैलीतून येतं आणि ते सगळ्यांना सारखंच मिळतं. माणूस ओळखू येतो तो त्याचा चेहरा सर्वसाधारण चेहऱ्यापेक्षा जिथे वेगळा आहे तिथे. त्यामुळे चित्र काढण्याआधी तो वेगळेपणा मोजून काढावा लागतो. ते जमलं की हात फारसा सराईत नसला तरी चालतो. हे सगळं मोबाईलवर बोटाने किंवा साध्या स्टायलसने करता येतं. इथे आयबिस पेंट एक्स हे मोफत मिळणारं अ‍ॅप धरलं आहे, पण लेयर, म्हणजे एकावर एक ठेवता येणारे पारदर्शक थर, असलेलं कोणतंही चित्रकलेचं अ‍ॅप चालेल.

आधी फोटो नीट हवा

हातात धरून काढलेल्या सेल्फीत चेहरा खरा नसतो. कॅमेरा जवळ असला की नाक कॅमेऱ्याच्या जास्त जवळ येतं आणि कान लांब जातात. त्यामुळे नाक फुगतं, चेहरा मधून पुढे आल्यासारखा दिसतो आणि कान गालांच्या मागे दडतात. २०१८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी याचं गणित मांडलं. १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक प्रत्यक्षापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं आणि ५ फुटांवर गेलं की हा फरक जवळजवळ उरत नाही. असा सेल्फी गिरवला तर आपण माणसाचं नाही, लेन्सचं वेगळेपण मोठं करून बसतो.

म्हणून फोन कपाटावर किंवा पुस्तकांच्या चळतीवर डोळ्यांच्या उंचीला टेकवा, दीड मीटर मागे जा आणि टायमर लावा. मागचा कॅमेरा वापरता आला तर उत्तम. चेहरा लहान आला तरी काळजी नाही, नंतर कापून मोठा करता येतो. उजेड खिडकीचा घ्या आणि खिडकी समोर पण थोडी एका बाजूला ठेवा, म्हणजे नाकाची एक कड आणि हनुवटीची खालची रेषा दिसते. डोक्यावरचा ट्यूबलाइट टाळा, त्याने डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात आणि भुवईची खालची कड हरवते. ब्यूटी फिल्टर बंद करा. बरेच फोन तो आपणहून लावतात आणि गाल बारीक, डोळे मोठे, रंग उजळ करून टाकतात. म्हणजे मोजायच्या नेमक्या गोष्टीच तो बदलतो.

दोन फोटो काढा. एक अगदी समोरून, चेहरा शांत, ओठ मिटलेले. तो मोजमापासाठी. दुसरा त्या माणसाच्या नेहमीच्या हसण्याचा. तो चित्रातल्या भावासाठी. पुढच्या कॅमेऱ्याने काढला असेल तर फोटो आरशासारखा उलटा जतन झालाय का ते बघून घ्या. शर्टावरची अक्षरं किंवा केसांचा भांग बघितला की लगेच कळतं. भांग चुकीच्या बाजूला गेला तर घरचे लोक 'काहीतरी वेगळं वाटतंय' एवढंच म्हणतात, काय चुकलं ते त्यांनाही सांगता येत नाही.

जुना, जवळून काढलेला सेल्फीच हाताशी असेल तर तोही चालेल. पण त्यावरून नाकाच्या रुंदीबद्दल निष्कर्ष काढू नका, आणि कान फोटोत दिसतात त्यापेक्षा जरा बाहेर काढा.

पट्टी घेऊन मोजा

समोरचा फोटो स्क्रीनवर इतका मोठा करा की गालाच्या हाडांपाशी चेहऱ्याची रुंदी बरोबर ५० मिलिमीटर भरेल. मग त्याच स्थितीत स्क्रीनशॉट घ्या आणि तोच स्क्रीनशॉट पूर्ण स्क्रीनवर उघडून मोजमाप करा, म्हणजे बोट लागून आकार बदलणार नाही. पारदर्शक प्लास्टिकची शाळेतली पट्टी स्क्रीनवर धरली की काम होतं.

चित्रकलेच्या वर्गात शिकवतात ते ढोबळ प्रमाण इथे तुलनेसाठी घ्यायचं. चेहऱ्याची रुंदी पाच डोळ्यांइतकी, म्हणजे ५० मिलिमीटरला एक डोळा १० मिलिमीटर. दोन डोळ्यांमध्ये आणखी एका डोळ्याची जागा, म्हणून एका बुबुळापासून दुसऱ्या बुबुळापर्यंतचं अंतर २०. नाकपुड्यांची रुंदी १०. उभ्या दिशेने केसांच्या रेषेपासून भुवईपर्यंत, भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंत आणि तिथून हनुवटीपर्यंत असे तीन सारखे भाग. असा चेहरा प्रत्यक्षात फार थोड्यांचा असतो, आणि म्हणूनच तो उपयोगाचा आहे. तो आपला शून्य.

समजा चेहरा एका चाळिशीतल्या बाईंचा आहे. केस मागे बांधलेले, कपाळावर छोटी गोल टिकली. मोजल्यावर उभे भाग मिळाले २१, २१ आणि २७ मिलिमीटर. एकूण ६९, म्हणजे सारखे तीन भाग केले तर प्रत्येकी २३ यायला हवे होते. याचा अर्थ वरचा आणि मधला भाग दोन-दोन मिलिमीटरने कमी, खालचा चारने जास्त. डोळे प्रत्येकी ९.५ आणि मधली जागा १२, म्हणून बुबुळांमधलं अंतर २१.५, नेहमीपेक्षा दीड मिलिमीटर जास्त. नाक १०, म्हणजे अगदी सर्वसाधारण. तोंडाची रुंदीही साधारणच.

पट्टीने मोजताना अर्ध्या मिलिमीटरची चूक सहज होते. म्हणून एका मिलिमीटरपेक्षा कमी फरक सोडून द्या, तो फरक चेहऱ्यात आहे की आपल्या हातात हे सांगता येत नाही. टक्कल असेल तर वरच्या भागाचं मोजमाप सोडा आणि फक्त खालच्या दोन भागांची आपसात तुलना करा.

आकड्यांत न येणाऱ्या गोष्टीही कागदावर लिहून ठेवा: भुवया जाड की विरळ, सरळ की कमानदार, डोळ्यांना टेकलेल्या की वर, डोळ्यांचे बाहेरचे कोपरे वर की खाली, जबडा चौकोनी की निमुळता, वरचा ओठ जाड की नुसती रेघ. आपल्या या बाईंच्या भुवया दाट, जवळजवळ सरळ आणि डोळ्यांच्या अगदी जवळ आहेत.

तीनच गोष्टी निवडा

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. माणूस ओळखू यावा म्हणून आपण तीळ, सुरकुती, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, प्रत्येक केस असं सगळं भरत जातो आणि चित्र पासपोर्टच्या वाईट झेरॉक्ससारखं होतं. तीन गोष्टी घ्या आणि त्याच मोठ्या करा. या चेहऱ्यात त्या स्पष्ट आहेत: लांब हनुवटीचा भाग, दूर दूर असलेले डोळे, दाट सरळ भुवया. नाक सर्वसाधारण आहे, म्हणून ते दोन छोट्या रेघांत उरकायचं. कार्टून शैलीला सुटसुटीतपणा हवा असतो, तो अशा साध्या भागांतून द्यायचा, वेगळ्या भागांना हात लावायचा नाही.

भुवयांना विशेष जपा. २००३ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रसिद्ध व्यक्तींच्या फोटोंतून कधी डोळे, कधी भुवया पुसून ते फोटो लोकांना दाखवले. भुवया नसलेले चेहरे ओळखणं लोकांना जास्त अवघड गेलं. तरीही कार्टून काढताना आधी डोळे निगुतीने काढले जातात आणि मग भुवया म्हणून दोन सारख्या कमानी मारल्या जातात. तिथेच ओळख जाते.

आता किती मोठं करायचं? १९८२ साली सूझन ब्रेनन यांनी एमआयटीत संगणकावर व्यंगचित्र काढणारा प्रोग्रॅम तयार केला, त्यातली कल्पना इथे हाताने वापरता येते. माणूस आणि सर्वसाधारण चेहरा यांतला फरक घ्या, त्याला एका आकड्याने गुणा आणि तो सर्वसाधारण चेहऱ्यात मिळवा. गुणक १ असेल तर फोटोच. २ च्या पुढे गेलं की थट्टेचं व्यंगचित्र होतं आणि माणूस दुखावू शकतो. डीपीसाठी १.५ हा नेमका बसतो.

खालच्या भागाचा फरक ४ होता, तो ६ झाला, म्हणून २३ अधिक ६, म्हणजे २९ मिलिमीटर. वरच्या दोन भागांचा फरक उणे २ होता, तो उणे ३ झाला, म्हणून प्रत्येकी २०. बेरीज पुन्हा ६९ येते, म्हणजे हिशेब बरोबर आहे. बुबुळांमधलं अंतर २० अधिक २.२५, म्हणजे सव्वाबावीस. फरक डोळ्याला कळतोही आणि खटकतही नाही.

फोटोच थोडा ताणून घ्या

हे आकडे कोऱ्या कॅनव्हासवर मोजून आखत बसण्यापेक्षा फोटोलाच त्या मापात आणणं सोपं आहे. २००० बाय २००० पिक्सेलचा कॅनव्हास उघडा आणि समोरचा फोटो आत घ्या. आयबिस पेंट फोटो घेताना त्यातून रेखाचित्र काढू का असं विचारतं, तिथे नाही म्हणा, आपल्याला अख्खा फोटो हवा आहे. चेहऱ्याची रुंदी कॅनव्हासच्या साधारण निम्मी, म्हणजे १००० पिक्सेल ठेवा. आता पट्टीवरचा एक मिलिमीटर म्हणजे कॅनव्हासवरचे २० पिक्सेल.

फोटोच्या लेयरची प्रत काढा, मूळ फोटो झाकून ठेवा आणि प्रतीवर काम करा. चौकोनी सिलेक्शनने नाकाच्या बुडापासून खालचा सगळा पट्टा, मानेसकट, निवडा आणि ट्रान्सफॉर्मने फक्त उभ्या दिशेने १०७ टक्के करा. हे २९ भागिले २७. वरची कड जागची हलू देऊ नका. मग भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंतचा पट्टा उभा ९५ टक्के करा, म्हणजे २० भागिले २१. या वेळी खालची कड स्थिर ठेवा, नाहीतर खाली फट पडते. कपाळाचा पट्टाही तसाच ९५ टक्के करून भुवयांवर आणून टेकवा. जोडांवर फोटो विचित्र दिसेल, दिसू द्या, तो नुसता गिरवायला आहे. शेवटी लॅसोने, म्हणजे बोटाने हवा तसा आकार आखून निवडायच्या साधनाने, डावा डोळा भुवईसकट निवडून सुमारे ८ पिक्सेल बाहेर सरकवा, उजवाही तितकाच. सव्वाबावीस वजा साडेएकवीस म्हणजे पाऊण मिलिमीटर, ते पंधरा पिक्सेल दोन डोळ्यांत वाटून दिले.

फोटोच्या लेयरची ओपॅसिटी ४० टक्क्यांवर आणा, म्हणजे फोटो फिकट दिसेल. वर नवा लेयर घ्या.

रेषा: कोणती आधी, कोणती कमी

पेन जाडसर हवा. १००० पिक्सेल रुंदीच्या चेहऱ्याला १४ ते १८ पिक्सेलची रेघ पुरते. बारीक रेघ मोठ्या स्क्रीनवर सुंदर दिसते आणि डीपीच्या गोलात गायब होते. स्टॅबिलायझर मध्यावर ठेवा, म्हणजे बोटाचा कंप रेघेत उतरत नाही. फार वाढवला तर हनुवटीसारखे छोटे वळसे कापले जातात.

भुवयांपासून सुरुवात करा. त्या रेघेने काढू नका, भरलेला आकार म्हणून काढा: आतलं टोक बोथट, बाहेरचं निमुळतं, खालची कड फोटोत आहे तशी. जाडी फोटोपेक्षा जरा जास्तच ठेवा, पण भुवई आणि पापणी यांच्यातली फट वाढवू नका. तिथे जागा वाढली की चेहरा कायम आश्चर्यचकित दिसतो, मग तो कोणाचाही वाटतो.

मग डोळे. कार्टून म्हणून ते मोठे करायचे असतील तर बुबुळांचे केंद्रबिंदू आहेत तिथेच ठेवून उंचीत वाढवा, रुंदीत जवळजवळ नाही. उंची १.३ पट आणि रुंदी १.१ पट हा सुरक्षित आकडा आहे. आपल्या उदाहरणात डोळा ९.५ चा साडेदहाच्या आत राहतो आणि मधली जागा पावणेबाराच्या वर उरते. दूर डोळ्यांची ओळख टिकली. हाच डोळा रुंदीतही १.३ पट केला असता तर मधली जागा दहाच्या खाली आली असती आणि जे मेहनतीने मोजलं ते गेलं असतं. खालची पापणी अख्खी आखू नका, बाहेरच्या कोपऱ्यापाशी अर्धी रेघ पुरे. पूर्ण गोल आखला की डोळे वटारल्यासारखे दिसतात.

नाकाला नाकपुडीच्या दोन वळणाच्या खुणा आणि एका बाजूची छोटी सावली. नाक हेच ज्याचं वेगळेपण आहे, त्याचं मात्र पूर्ण काढा. तोंड दुसऱ्या, हसऱ्या फोटोवरून घ्या: ओठ मिटायची मधली रेघ आणि खालच्या ओठाखालची एक छोटी रेघ. दात दिसत असतील तर एक सलग पांढरा आकार. दातांमधल्या रेघा काढल्या की माणूस दहा वर्षांनी म्हातारा दिसतो. नाकापासून तोंडाच्या कोपऱ्यापर्यंतची घडीही तशीच आहे. पन्नाशीच्या खालच्या माणसाची ती वगळलेली बरी. आजोबांची वगळली तर ते ओळखूच येणार नाहीत, पण तिथेही दोन्हीकडे एकेकच रेघ.

चेहऱ्याची बाहेरची रेषा एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत एका दमात ओढा. तुकडे तुकडे जोडले की जबडा डगमगतो. हनुवटीच्या खालचं वळण फोटोत सपाट असेल तर सपाटच ठेवा. हात आपोआप ते गोल करत असतो.

केस म्हणजे एक गठ्ठा. आधी नुसती बाहेरची सीमा काढा, तिच्यात काळा रंग भरा आणि चित्र छोटं करून बघा. नुसत्या त्या काळ्या आकारावरून माणसाचा अंदाज आला पाहिजे. मग आत भांगाची रेघ आणि तीन-चार बटा. कपाळावरची केसांची रेषा नीट बघा. ती कोपऱ्यात मागे गेली असेल तर ती मागेच दाखवा. मिशी आणि दाढीही केसांसारखीच, आकार आधी, केस नंतर. चष्मा असेल तर काचेची वरची कड भुवईला कुठे कापते ते तंतोतंत उतरवा. टिकली, नथ, कानातलं हे ओळखीला मदत करतं, पण ते काढून टाकूनही चेहरा ओळखू यायला हवा. दागिने झाकून एकदा पाहा.

रंग

रेषेच्या लेयरखाली नवा लेयर घेऊन त्वचेचा रंग भरा. तो फोटोतूनच उचला, पण कपाळावरून किंवा नाकाच्या शेंड्यावरून नाही, तिथे चमक असते. खिडकीकडच्या गालाच्या मध्यावरून उचला. उचललेला रंग पांढऱ्या कॅनव्हासवर गडद वाटतो आणि हात लगेच उजळ करायला जातो. करू नका. आधी पार्श्वभूमीचा रंग भरा, म्हणजे तोच रंग बरोबर वाटू लागतो. माणसाचा सावळा वर्ण गोरा केला की ओळख जाते, आणि ज्याचं चित्र आहे त्याला ते मनातून लागतंही.

सावलीला एकच छटा पुरे, त्वचेच्याच रंगापेक्षा थोडी गडद आणि किंचित तांबूस. करड्या सावलीने चेहरा आजारी दिसतो. सावलीचा लेयर त्वचेच्या लेयरला क्लिप करा, म्हणजे रंग बाहेर जात नाही. हनुवटीखाली, केसांखाली आणि नाकाच्या एका बाजूला, बस. चेहऱ्यातल्या रेषा शुद्ध काळ्याऐवजी गडद तपकिरी केल्या तर भुवया आणि केस उठून दिसतात. ते काळेच ठेवा.

तपासणी, आणि ओळखू आलं नाही तर

आधी कॅनव्हास आडवा उलटवून बघा. एक डोळा वर, एक खाली असेल तर लगेच दिसतो. मग चित्र व्हॉट्सअ‍ॅपच्या यादीत दिसतं तेवढं लहान करा. भुवया आणि केसांचा आकार तिथेही दिसले पाहिजेत.

खरी परीक्षा दुसऱ्या माणसाची. त्या व्यक्तीला ओळखणाऱ्या कोणाला तरी चित्र दाखवा आणि 'कसं झालंय' असं विचारू नका, 'कोण आहे' एवढंच विचारा. उत्तर दोन-तीन सेकंदांत आलं पाहिजे. ज्याचं चित्र आहे त्याचं मत ओळखीच्या बाबतीत कमी धरा. तो स्वतःला रोज आरशात, म्हणजे उलटा बघत असतो. पण त्याला चित्र आवडलं की नाही हा निर्णय मात्र त्याचाच.

उत्तर चुकलं तर सगळं पुसू नका. भुवयांचा लेयर वेगळा ठेवला असेल तर आधी तिथे हात घाला: उतार आणि डोळ्यापासूनचं अंतर मूळ फोटोवर ठेवून बघा. तरी जमेना तर बुबुळांमधलं अंतर पुन्हा मोजा, रेषा काढताना डोळे आत सरकतातच. त्यानंतर केसांची रेषा, मग हनुवटी. 'तिच्या बहिणीसारखी दिसते' असं कोणी म्हणालं तर तुम्ही अगदी जवळ आहात. गुणक १.५ वरून १.७ करून खालचा भाग पुन्हा ताणला की बहुधा काम होतं. 'चिडलेली दिसते' म्हणालं तर भुवयांची आतली टोकं खाली आली आहेत, ती चार-पाच पिक्सेल वर घ्या.

जतन करताना पार्श्वभूमी बंद करून पारदर्शक पीएनजी काढा. डीपी गोल कापला जातो, म्हणून डोक्याच्या वर आणि दोन्ही बाजूंना जागा सोडा, नाहीतर बांधलेला अंबाडा किंवा हनुवटी कापली जाते. व्हॉट्सअ‍ॅपचं स्टिकर करायचं असेल तर ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं, वेबपी प्रकारच्या फाइलमधलं चित्र लागतं, १०० किलोबाइटच्या आत. सपाट रंगांचं चित्र सहसा त्यात सहज बसतं, आणि कडेने जाड पांढरी किनार दिली की गडद चॅटमध्येही काळे केस हरवत नाहीत.